‘औदुंबर’ सात कार्डांत मांडताना

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी कॅरोसेलमध्ये, म्हणजे फोनवर एकामागून एक सरकवत पाहायच्या कार्डांत, उलगडून दाखवायची असे ठरवले, तेव्हा आठच ओळींची कविता असल्यामुळे दोन संध्याकाळींत काम होईल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले, आणि त्यांतला बराचसा वेळ अर्थ लिहिण्यात नव्हे, तर ओळी कुठे तोडायच्या हे समजण्यात गेला.

कविता निवडताना मी आधी एक गोष्ट पाहिली होती. संपूर्ण कविता कार्डांवर छापायची तर ती कॉपीराइटमधून मुक्त असायला हवी, आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क राहतो. बालकवी 1918 साली वारले, त्यामुळे ती अडचण नव्हती. यमके दोन-दोन ओळींची जुळतात, म्हणून प्रत्येक जोडीला एक कडवे मानून चार कार्डे केली, पुढे मुखपृष्ठ आणि मागे संपूर्ण कविता ठेवली. सातवे कार्ड कसे वाढले ते पुढे येईलच. कार्डाचा आकार 1080 गुणिले 1350 पिक्सेल ठेवला, कारण उभ्या कार्डाला फोनवर जागा जास्त मिळते.

पहिला मसुदा मी शेजारच्या दोन मुलांना दाखवला. पहिल्या कडव्यात ‘निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन’ असे आहे आणि तिथे मी हौसेने पाण्याने वेढलेल्या छोट्या-छोट्या बेटांचे चित्र काढले होते. ते पाहून मुलाने विचारले, “समुद्राला झरा का म्हणतात?” प्रश्न रास्त होता. ‘बेट’ म्हणजे दाट वाढलेल्या झाडांचा पुंजकाही असतो, आपण बांबूचे बेट म्हणतो तसा. दोन्ही काठांवर हिरवाळी आणि मधून वाट काढत जाणारा झरा हे दृश्य त्याच अर्थाने जुळते. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, तरी चित्र काढताना हात सवयीच्या अर्थाकडे गेला. चित्र काढून टाकले आणि त्या जागी ‘बेट : इथे झाडांचा दाट पुंजका’ एवढीच ओळ लिहिली.

दुसऱ्या कडव्यातले चार घरांचे चिमुकले गाव आणि शेतमळ्यांची हिरवी गर्दी मुलांना आपोआप कळली, तिथे फारसे काही लिहावे लागले नाही. तिसऱ्यात फक्त ‘तयांतुन’ म्हणजे ‘त्यांतून’, अर्थात त्या शेतमळ्यांतून, हे सांगावे लागले. तिथून पांढरी पायवाट हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाते, म्हणजे वाचणाऱ्याची नजरही तिच्या मागोमाग काठावरून डोहापर्यंत येऊन पोहोचते.

खरी गडबड चौथ्या कडव्यात झाली. कविता फोनवर वाचता यावी म्हणून अक्षर मोठे ठेवले होते आणि त्यामुळे एक ओळ दोन ओळींत मोडत होती. कुठे मोडायची हे मी सॉफ्टवेअरवर सोडले होते. कार्डावर ती अशी दिसत होती :

झाकळुनी जळ गोड
काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत
बसला असला औदुंबर

मुलीने वाचून अर्थ सांगितला : पाणी गोड आहे आणि औदुंबर तिथे बसलेला असला तर… पुढे काय, हे तिला कळेना. तिने निष्काळजीपणा केला नव्हता. ‘जळ गोड’ एका ओळीत एकत्र दिसल्यावर गोडी पाण्याकडे जाणारच, आणि ‘बसला असला’ शेजारी आले की ते रोजच्या बोलण्यातल्या ‘आला असला तर’सारखेच वाटणार. चूक माझ्या मांडणीची होती.

मग मी मात्रा मोजल्या. या कवितेच्या प्रत्येक ओळीत पहिल्या सोळा मात्रांनंतर श्वास घ्यायची जागा येते, आणि त्यानंतरचा तुकडा लहान असतो. ‘पाय टाकुनी जळांत बसला’ या सोळा मात्रा झाल्या, नंतर राहतो तो ‘असला औदुंबर’. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा’ याही सोळाच, आणि पुढे ‘पसरी लाटांवर’. आता गोडी काळिम्याकडे गेली आणि ‘असला’ औदुंबराकडे. ओळी तशा तोडल्यावर त्याच मुलीला पुन्हा वाचायला दिले. तिने ‘असला औदुंबर’ एका श्वासात वाचले आणि विचारले, “असला म्हणजे असा का?” होय, असा, आत्ता वर्णन केला तो, पाण्यावर गोड काळिमा पसरणारा. आजच्या बोलण्यात ‘असला’ला थोडी नाराजीची छटा असते, ती इथे नाही, हे वेगळे सांगावे लागले, आणि त्यासाठीच सातवे कार्ड वाढले.

मात्रांनी आणखी एक चूक दाखवून दिली. टंकलेखन करताना ‘घेउन’चे ‘घेऊन’ आणि ‘बेटाबेटातुन’चे ‘बेटाबेटातून’ झाले होते; आजच्या नियमाने ते बरोबर असले तरी ओळीत एकेक मात्रा वाढते आणि चाल लंगडते. मुलांनी ती चूक समजू नये म्हणून कार्डाच्या तळाशी ‘कवितेतील ऱ्हस्व उकार लयीसाठी आहेत’ असे लिहिले. फॉन्टही बदलला, कारण आधीच्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे होते. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ते आपल्या पाठ्यपुस्तकात असतात तसे दिसतात.

‘काळिमा’ या शब्दावर मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. मुलांना तो ‘कुळाला काळिमा फासणे’ एवढ्यापुरताच माहीत असतो, म्हणजे कलंक. इथे तो केवळ काळेपणा आहे, झाडाच्या दाट सावलीने पाण्यावर आलेला, आणि कवी त्याला गोड म्हणतो. पहिल्या मसुद्यात मी याखाली ‘औदुंबर म्हणजे जगापासून अलिप्त, उदास तपस्वी’ असे ठाम लिहिले होते. मुलीने त्यावर बोट ठेवून विचारले, “उदास कुठे लिहिलंय? गोड लिहिलंय ना?” मला उत्तर देता आले नाही. या झाडात कुणाला विरक्ती दिसली आहे, कुणाला खिन्नता, कुणाला नुसती शांतता, आणि त्यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु तो ओळीचा अर्थ नव्हे, ते ओळीचे वाचन आहे. म्हणून प्रत्येक कार्डावर वर ‘ओळ काय सांगते’ आणि खाली, लहान अक्षरात, ‘वाचकांना काय जाणवते’ असे दोन भाग केले. खालच्या भागात एकही वाक्य ‘आहे’ने संपू दिले नाही, ‘काहींना वाटते’, ‘असेही वाचता येते’ असेच लिहिले.

पार्श्वभूमीचे रंग कवितेकडूनच घेतले. हिरवा, पांढरा, मग काळा. काळ्या कार्डावर पांढरी अक्षरे लॅपटॉपवर सुंदर दिसली आणि फोनवर मात्र मात्रा आणि अनुस्वार पुसट झाले, तेव्हा अक्षर जाड केले आणि काळा थोडा निळ्याकडे नेला. शेवटच्या कार्डावर झाडाचे चित्र असावे असा मुलाचा आग्रह होता. मी ते ठेवले नाही. तिथे आठही ओळी आहेत, प्रत्येक सोळाव्या मात्रेनंतर तोडलेली, आणि खाली बरीच मोकळी जागा.