भरतीच्या अर्धा तास आधी

“काका, तुम्ही इतकी वर्षं लिहिताय. तरी छापायला देण्याआधी शेजारच्या सुनेला वाचायला बसवता म्हणे? स्वतः एकदा मोठ्यानं वाचून भागत नाही का?”

नाही भागत. मी मोठ्यानं वाचतो, रोज वाचतो, त्याचा उपयोग मला कोणी सांगायला नको. “किल्ल्यातल्या विहिरीजवळच्या मंदिरामागच्या तटावरून” असं मी एकदा लिहिलं होतं. डोळ्यांना ते खपलं, पण जिभेनं दुसऱ्या ‘च्या’लाच पाय आपटला. लांबलेलं वाक्य दमानं कळतं, दोनदा आलेला शब्द कानाला टोचतो. एवढं काम माझा आवाज करतो. पण ज्या वाक्यानं मला धडा शिकवला, ते वाक्य मी तीन वेळा मोठ्यानं वाचलं होतं. ओसरीवर, समुद्राकडे तोंड करून. कानाला ते सुरेख लागत होतं.

वाक्य असं होतं: “भरतीच्या अर्धा तास आधी किल्ला सोडा.”

किल्ला म्हणजे आपला अलिबागचा कुलाबा. एका साप्ताहिकाच्या सहलीच्या पानासाठी लेख होता, आणि चतुर्थीला आतल्या गणपतीच्या दर्शनाला लोक चालत जातात म्हणून तो चतुर्थीच्या आठवड्यात छापून आला. चतुर्थीची भरती कुठली, हे इथल्या पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट करायची. चार तिथी, म्हणजे तीन वाजता भरती. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच; पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. आणि तीनला भरती म्हणजे त्याआधी साधारण सव्वासहा तास, पावणेनऊच्या सुमारास, पुरती सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

माझ्या डोक्यात ‘भरती’ म्हणजे भरती लागणं. पावणेनऊला पाणी वळतं, त्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे सव्वाआठला परतीची वाट धरा, असं मला म्हणायचं होतं. भरती-ओहोटीच्या कोष्टकात मात्र ‘भरती’समोर पाणी पूर्ण भरण्याची वेळ असते. तिथं तीन लिहिलेलं होतं. वाचणाऱ्यानं तीनातून अर्धा तास वजा केला.

फोन एका बाईचा आला, पुण्याहून. त्या भांडल्या नाहीत, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा यांच्याबरोबर नऊच्या सुमारास घोट्याएवढ्या पाण्यातून त्या आत गेल्या. दर्शन झालं, डबा खाल्ला, मुलानं तोफा पाहिल्या. अडीचला बाहेर आल्या तर समोर नुसतं पाणी. “लेखात लिहिलंय म्हणजे चालता येत असेल,” असं म्हणून नवऱ्यानं मुलाला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात शिरला. पहिल्या खळग्यात कमरेपर्यंत, दुसऱ्यात छातीपर्यंत. तटाजवळून एक कोळी ओरडला म्हणून तो मागे फिरला. मुलाची एक चप्पल वाहून गेली. होडी मिळेपर्यंत सगळे तटाला टेकून बसले. सासूबाई त्यानंतर समुद्राकडे यायला तयार नाहीत, असंही त्या म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, “मी तुमचं वाक्य वाचून दाखवते.” आणि वाचलं. “भरतीच्या अर्धा तास आधी किल्ला सोडा.” शब्द तेच होते. मी वाचताना ‘भरतीच्या’वर किंचित थांबत होतो, आणि त्या थांबण्यात ‘लागण्याच्या’ हा शब्द गुपचूप भरून घेत होतो. त्यांच्या आवाजात ते थांबणं नव्हतं. वाक्य सपाट आलं, आणि त्याचा अर्थ अडीच वाजता असा स्पष्ट ऐकू आला. एका वाक्याच्या दोन अर्थांत सव्वासहा तासांचं अंतर होतं, आणि त्या अंतरात एक मूल खांद्यावर होतं.

मी काय बोललो? लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, “अहो, पाणी डोळ्यांना दिसत होतं ना?” आजही अर्धं मन तेच म्हणतं. समुद्रावर येणाऱ्यानं समुद्राकडे बघावं की कागदाकडे? पण लोक कागद बघून यावेत म्हणून तर मी कागद लिहिला होता.

आणि हो, छापण्याआधी मी तो एका माणसाला दाखवलाही होता. माझे साडू, उभा जन्म बंदरावर गेलेले. त्यांनी एक ऱ्हस्व-दीर्घ काढला आणि म्हणाले, “झकास.” त्यांना कसं खटकणार? भरती हा शब्द त्यांच्या नि माझ्या तोंडात एकाच घरचा. ते मजकूर वाचत नव्हते, त्यांना आधीच माहीत असलेलं पुन्हा ऐकत होते.

म्हणून शेजारची सून. मूळ सोलापूरची, लग्न होऊन आली तेव्हा तिनं समुद्र एकदाच पाहिलेला. मी तिला वाचून दाखवत नाही, ती मला वाचून दाखवते. मी पेन्सिल घेऊन गप्प बसतो. गप्प बसणं हेच अवघड आहे, पहिल्या दिवशी मी दोनदा “म्हणजे असं की” म्हणालो, तर ती म्हणाली, “काका, छापल्यावर पण तुम्ही शेजारी बसणार का?” ती जिथं अडखळते, मागे जाऊन पुन्हा वाचते किंवा भलत्याच शब्दावर जोर देते, तिथं मी रेघ मारतो. शेवटी “आवडलं का” हे विचारत नाही. त्याला ती “छान आहे काका” म्हणणार, दुसरं काय म्हणेल? मी विचारतो, “चतुर्थी आहे. कोष्टकात भरती तीन. तू घरातून किती वाजता निघशील, आणि किती वाजता किनाऱ्याला परत असशील?”

जुन्या वाक्यावर ती म्हणाली, “अडीचला किल्ल्यातून निघेन.” म्हणजे पुण्याच्या बाई एकट्या नव्हत्या.

मी बदललं: “पाणी चढायला लागण्याआधी किल्ला सोडा.” ती म्हणाली, “चढायला लागलं हे मला कसं कळणार?” मला राग आला. मग मी भरती हा शब्दच काढून टाकला आणि लिहिलं: “कोष्टकात ‘ओहोटी’समोर जी वेळ आहे, त्या वेळेला तुम्ही किनाऱ्यावर परत आलेले असा. चतुर्थीला ही वेळ सकाळी पावणेनऊच्या आसपास असते. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, ओहोटीलाही पाणी नीट ओसरत नाही; तेव्हा चालत जाऊ नका.” ती लगेच म्हणाली, “म्हणजे सातच्या सुमाराला आत शिरायला हवं.” बरोबर.

या वाक्याला लय नाही, हे मलाही दिसतं. तिच्यामुळे माझी चार चांगली वाक्यं गेली, त्यातलं एक तर मी अजून मनात म्हणतो. प्रवासवर्णन असतं तर मी तिला बोलावलंच नसतं. तिथं वाचक थोडा चुकला तर बिघडत नाही.

आता वेगळीच पंचाईत झाली आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. परवा हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा मजकूर तिनं कुठंही न अडखळता वाचला, आणि वेळ विचारल्यावर बोटांवर पाऊणपट करून उत्तर दिलं. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. मजकूर सोपा झालाय की ती अलिबागकर झाली, हे मला सांगता येईना. पलीकडच्या आळीत लातूरकडचा एक नवा पोस्टमन आलाय म्हणतात. त्याची सुट्टी कधी असते, ते विचारायचंय.