जोडव्याखालचं काळं

“जोडव्यांखाली बोट काळं पडतंय हो. चांदी खोटी निघाली का?”

बहुतेक वेळा नाही. आधी जोडवं काढा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस त्या काळ्या जागेवर फिरवा. कापूस काळा झाला, तर ते धातूचं काळं आहे. हवेतल्या नि घामातल्या गंधकानं चांदीवर काळा थर धरतो आणि तो कातडीला पुसला जातो. नुसती चांदी फार मऊ, म्हणून तिच्यात तांबं घालतात. 925 च्या चांदीत साडेसात टक्के दुसरा धातू असतो, बहुधा तांबंच, आणि घामानं तेही काळवंडतं. म्हणजे अस्सल चांदीही बोट काळं करते. खाज सुटली, पुरळ उठलं, तर मात्र चांदी तपासून घ्या. स्वस्तातल्या जोडव्यांत निकेल असू शकतं.

माझ्या धाकट्या जावेचा कापूस पांढराच राहिला होता. लग्नाच्या घाईत गुजरीतून सकाळी-सकाळी घेतलेली जोडवी. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय सुजायचे आणि जोडवं मांसात रुतायचं. ते काळं कातडीचंच होतं, घासून आलेलं. चपलेच्या अंगठ्याखाली येतं ना, तसं. सोनाराकडून तोंडं जराशी फाकवून घेतली. (घरी पुन्हापुन्हा वाकवू नका, एकाच जागी तडा जातो.) डाग फिका व्हायला तीन महिने गेले.

म्हणून माप संध्याकाळीच द्या. जोडवं बोटाच्या सांध्यावरून थोडं अडून जावं, पण खाली गेल्यावर सहज फिरावं. पैंजणाचं माप उभं राहून घ्या. घातल्यावर आत एक बोट जायला हवं. त्याहून सैल झालं तर ते टाचेवर उतरतं आणि साडीच्या फॉलमध्ये अडकतं. मधुमेहानं पायाला बधिरपणा असेल, तर घट्ट जोडवं घालूच नका. रुतलेलं कळत नाही.

रोजचं म्हणाल तर अंघोळीनंतर जोडवं फिरवून त्याखालचं पाणी टिपायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे चुकवूच नका, कारण साबण आणि ओल तिथेच अडकून कातडी पांढरी, भिजकी होते. पैंजणाच्या घुंगरांत मऊ ब्रश फिरवा. टूथपेस्ट नको, चांदीवर ओरखडे उठतात.

फारच काळी पडली तर वाडग्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरा, वर चांदी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि कढत पाणी ओता. कुजक्या अंड्यासारखा वास येईल. ते चांदीला सोडून निघालेलं गंधक. पाच मिनिटांनी धुऊन कोरडी करा. मीनाकाम, खडे किंवा मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल, तर हे करू नका. नक्षीतलं काळंही निघून जाईल.