हायड्रोजनच्या पिंजऱ्याचं डोकं उघडं ठेवायला मला पाच महिने लागले

गोरेगाव पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा काचकामाचा गाळा आहे. बाबांनी सुरू केला, आता मी चालवते. प्रयोगशाळांना लागणारे फ्लास्क, कंडेन्सर, जोडनळ्या ही आमची नेहमीची कामं. ती बोरोसिलिकेट काचेची, त्यामुळे एलपीजी आणि ऑक्सिजनच्या ज्योतीवर भागत होतं. गेल्या वर्षी क्वार्ट्झच्या जाड नळ्यांची मोठी ऑर्डर आली. बोरोसिलिकेट सव्वाआठशे अंशांच्या आसपास मऊ पडतं, क्वार्ट्झला सोळाशेच्या वर जावं लागतं. आणि गिऱ्हाइकाची अट होती की नळीत कार्बनचा कणही नको. म्हणून हायड्रोजन.

काच तापवायची टॉर्च, रेग्युलेटर, गॅस पुरवठादार हे सगळं दोन आठवड्यांत जमलं. अडलं ते सिलिंडर ठेवायच्या जागेपाशी. जानेवारीत अर्ज केला, परवानगी मे महिन्यात हातात आली. त्या पाच महिन्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तोच प्रश्न आणखी कुणापुढे येईल म्हणून लिहिते आहे.

आमच्या इस्टेटमध्ये ज्वलनशील गॅस ठेवायचा तर सोसायटीने नेमलेल्या फायर सेफ्टीच्या सल्लागारांकडून नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. त्यांचा एक छापील फॉर्म आहे. त्यात सिलिंडरच्या कपाटाचं चित्र आयतंच दिलेलं: तीन बाजूंनी पत्रा, वर सपाट बंद पत्रा, पुढे कुलपाचं दार आणि हवेसाठी खाली, जमिनीपासून सहा इंचांवर, भोकं. गॅस डिटेक्टरही जमिनीपासून एका फुटावर. एलपीजीसाठी हे अगदी बरोबर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर पसरतो आणि खालच्या भोकांतून निघून जातो. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. तो सरळ वर जातो आणि बंद छताखाली साठून राहतो. त्या चित्राप्रमाणे कपाट बांधलं असतं तर गळलेला गॅस कोंडायला मीच एक पेटी करून दिली असती, आणि डिटेक्टर खाली गप्प बसून राहिला असता.

मी माझ्या पिंजऱ्याचा नकाशा जोडला: मागे गाळ्याची भिंत, तीन बाजूंना जाळी, वर उतरतं छप्पर आणि छपराच्या उंच कडेला पूर्ण लांबीची फट. परत आला. शेरा होता, "विहित नमुन्याप्रमाणे नाही." दुसऱ्यांदा नकाशासोबत कारण लिहून दिलं. परत आला, शेरा तोच. तिसऱ्यांदा मी स्वतः गेले. तिथले साहेब वाईट वागले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "ताई, इतकी वर्षं आम्ही हाच नमुना देतोय, गॅस म्हणजे गॅस." मी म्हटलं, "साहेब, हा गॅस उलटा आहे." ते म्हणाले, फॉर्ममध्ये गॅसचं नाव भरायला जागा आहे, चित्र बदलायला नाही. त्या दिवशी लोकलमध्ये मला रडू आलं होतं. ऑर्डरची तारीख जवळ येत होती आणि मी भोकं खाली असावीत की वर यावर भांडत होते.

यातून वाट निघाली ती एका पानाच्या हिशेबाने. तो इथे देते, कारण आकडे कुणालाही पडताळून पाहता येतात. त्यांच्या नमुन्याचं कपाट दोन मीटर उंच, एक मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल. म्हणजे आत 1.2 घनमीटर, 1200 लिटर हवा. हवेत हायड्रोजन 4 टक्के झाला की मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि 75 टक्क्यांपर्यंत ते पेट घेण्याजोगंच राहतं. 1200 लिटरचे 4 टक्के म्हणजे 48 लिटर. 47 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बार दाबाला साधारण साडेसहा हजार लिटर हायड्रोजन असतो. म्हणजे एका सिलिंडरमधला शंभरावा हिस्साही गळायची गरज नाही. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून मिनिटाला एक लिटर झिरपला तरी पाऊण तासात मजल तिथवर पोचते. गॅस सारखा मिसळला असं धरून ही पाऊण तासाची वेळ. प्रत्यक्षात तो वर साठतो, त्यामुळे छताखालचा थर त्याच्या आधीच तयार होतो. मग ठिणगी किती लागते? 0.02 मिलिज्यूल पुरते, पेट्रोलच्या वाफेला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. टेरिकॉटचा शर्ट घासून हाताला जो चटका बसतो, त्यात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते.

हे पान घेऊन गेले तेव्हा त्या ऑफिसातला एक तरुण इंजिनिअर वाचत उभा राहिला. तो म्हणाला, "एकदा दाखवता का?" अंबरनाथला तात्या आहेत, बाबांचे जुने सहकारी, आयुष्यभर क्वार्ट्झचं काम केलेले. साहेबही यायला तयार झाले, आम्ही सगळे तात्यांच्या अंगणात गेलो. तात्यांनी साबणाच्या पाण्यात नळी बुडवून आधी एलपीजीचे फुगे सोडले. ते बशीवरून घरंगळून फरशीवर बसले. मग हायड्रोजनचे सोडले. ते सुटले ते थेट कौलांच्या वर. आसपास काही पेटतं नव्हतं, मोबाइलही लांब ठेवले होते. साहेब त्या फुग्यांकडे मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "मग खालची भोकं बंद करायची?" नाही, तीही हवीतच. खालून ताजी हवा आत येते आणि वरच्या फटीतून गॅसला घेऊन बाहेर पडते. दोन्ही हवीत, पण वरची बंद असून चालणार नाही. त्यांच्या चित्रातली खालची भोकं राहिली, वरची फट आली, डिटेक्टर छपराच्या सर्वांत उंच जागी गेला. सही झाली. तेव्हा वाटलेलं समाधान आजही तितकंच आहे.

तात्यांनी त्याच दिवशी आणखी एक दाखवलं, आणि ते मी आता प्रत्येक नव्या कारागिराला दाखवते. भर दुपारी अंगणात त्यांनी हायड्रोजनची टॉर्च पेटवली आणि म्हणाले, "सांग, पेटलीय का?" मला काही दिसलं नाही. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही, म्हणून काजळी नाही, आणि ज्योतीला पिवळा उजेड येतो तो काजळीच्या तापलेल्या कणांचा. उष्णताही बाजूला फारशी फेकली जात नाही, त्यामुळे हात जवळ जाईपर्यंत धग लागत नाही. तात्यांनी केरसुणी पुढे धरली. शिरा हवेतच पेटल्या. गळती पेटली असेल अशी शंका आली तर हाताने चाचपायचं नाही, केरसुणी पुढे धरून चालायचं. आमच्याकडे पिंजऱ्याच्या दाराशी एक टांगलेली असते. वासावर विसंबायचं तर या गॅसला वासच नाही, आणि घरच्या एलपीजीत असतो तसा वास यात मिसळलेला नसतो.

रेग्युलेटर बसवण्याआधी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवायची सवय सगळ्यांना असते. हायड्रोजनला ते करू नका. जोरात सुटलेला झोत कुणी न पेटवताही पेट घेऊ शकतो, आणि उन्हात तो दिसणारही नाही. रेग्युलेटरचे आटे उलटे असतात, ते बळेच सुलट फिरवू नका. ज्योत पुढे सरकण्याचा वेग एलपीजीच्या कित्येक पट असल्याने ती नळीत मागे शिरायला बघते, म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर लावल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही. गळती साबणाच्या फेसाने बघायची, प्रत्येक सिलिंडर जोडला की प्रत्येक वेळी. ऑक्सिजनचे सिलिंडर आम्ही भिंतीच्या पलीकडे ठेवतो.

साहेबांनी एक प्रश्न रास्त विचारला होता: "इतके सिलिंडर हवेत कशाला? दोन आणा, संपले की बदला." अडचण अशी की सिलिंडर भरलेला असला तरी त्यात गॅस फार थोडा असतो. साडेसहा हजार लिटर म्हणजे वजनाने जेमतेम अर्धा किलो, आणि तो धरून ठेवायला पन्नास-साठ किलोंचं लोखंड. किलोला किलो तोललं तर हायड्रोजनची उष्णता एलपीजीच्या अडीच पटीहून जास्त, 120 मेगाज्यूल. पण एका सिलिंडरमध्ये मिळून ती 65 मेगाज्यूल भरते. घरच्या 14.2 किलोच्या एलपीजी सिलिंडरमध्ये साधारण 650 असते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या एका सिलिंडरच्या बदल्यात हे दहा लाल सिलिंडर. आमची मोठी टॉर्च मिनिटाला वीसेक लिटर खाते, एक सिलिंडर साडेपाच तासांत रिकामा. म्हणून सहा ठेवावे लागतात. आणखी दाबून भरावा तर भिंत जाड करावी लागते. मोटारींच्या टाक्या कार्बन फायबरच्या, 700 बारच्या असतात आणि तरीही त्यात लिटरमागे 40 ग्रॅमच मावतो. द्रव करावा तर उणे 253 अंश, आणि तेव्हाही लिटरला 71 ग्रॅम. पेट्रोल लिटरला साताठशे ग्रॅम भरतं.

जळल्यावर यातून पाणी निघतं हे पुस्तकात वाचलेलं असतं, ते गाळ्यात दिसतं. एक किलो हायड्रोजन जळला की नऊ किलो पाणी, म्हणजे एका सिलिंडरमागे जवळपास पाच लिटर पाणी, वाफेच्या रूपात. थंड नळीवर ज्योत नेली की पहिले काही क्षण ती धुकटते. पावसाळ्यात गाळ्याची खिडकी ओघळू लागते. पण फक्त पाणीच निघतं हे खरं नाही. ज्योत इतकी गरम की आजूबाजूच्या हवेतला नायट्रोजनही जळतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. घसा खवखवायला लागला तर समजावं की हूडचा पंखा ओढत नाहीये. हूडशिवाय हे काम करू नये.

सिलिंडर जूनमध्ये आले. जुलैत एका सकाळी गाळा उघडायला गेले तर डिटेक्टर वाजत होता. आकडा पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्के, म्हणजे हवेत 0.4 टक्के हायड्रोजन. रात्री तिरपा पाऊस आला होता आणि रखवालदार मामांनी सिलिंडर भिजू नयेत म्हणून पिंजऱ्याला वरून खालपर्यंत निळी ताडपत्री घट्ट बांधली होती. मामांनी ती प्रेमानेच बांधली होती. वरची फट आणि जाळी दोन्ही बुजली होती आणि कडेच्या सिलिंडरचा ग्लँड झिरपत होता. दिव्याचं बटण न दाबता मी आणि मामांनी ताडपत्री सोडली. दहा मिनिटांत आकडा शून्यावर आला. मग फेस लावून गळका सिलिंडर शोधला, व्हॉल्व्ह बंद करून बाजूला काढला आणि पुरवठादाराला परत दिला. आता पिंजऱ्याच्या छपराला उंच कडेकडून दीड फूट पुढे आलेली पत्र्याची पडवी लावली आहे, पाऊस तिच्यावरून खाली पडतो आणि फट उघडी राहते. ताडपत्री मामांनी स्वतःच घडी करून त्यांच्या खोलीत ठेवली.