ट्रिगर लागला, शेअर मात्र विकलाच गेला नाही

अमळनेरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये सकाळी नऊपासून कपाशीच्या बियाण्याला रांग लागते, मोबाईलकडे बघायलाही फुरसत नसते. म्हणून शेअर घेतला की लगेच ओसीओ लावून ठेवायची सवय लावली. त्यात एका बाजूला नफ्याचा भाव, दुसऱ्या बाजूला स्टॉपलॉस. एक लागला की दुसरा आपोआप रद्द. ब्रॅकेट ऑर्डरमध्ये खरेदीसोबतच हे दोन्ही लागतात, पण ती त्याच दिवसापुरती असते आणि माझ्या ब्रोकरने ती बंद केलेली. मला आठ-दहा दिवस थांबायचं असतं, त्यामुळे जीटीटीतला, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत दिवसेंदिवस थांबून राहणारा ओसीओच बरा.

एक शेअर ४१२ ला घेतला, १०० नग. टार्गेट ४३६. स्टॉपलॉसचा ट्रिगर ४००, आणि त्याखालच्या चौकटीत लिमिट ३९९.५०. लागलाच तर साडेबाराशे जातील, असा हिशोब. ती दुसरी चौकट कशासाठी, हे तेव्हा नीट कळलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी बाजार पडून उघडला. शेअर थेट ३९३ ला. ट्रिगर लागल्याचा मेसेज आला, मी मनात म्हटलं, सुटलो. साडेदहाला भाचा दुकानात आला, माझा मोबाईल बघून म्हणाला, "मामा, हाई ऑर्डर तं तशीच पडेल शे!"

झालं असं, की ट्रिगर म्हणजे विक्री नव्हे. ट्रिगर लागल्यावर ३९९.५० ची विक्रीची ऑर्डर बाजारात गेली, म्हणजे त्याखाली विकू नका, असं मीच सांगून बसलेलो. ३९३ ला मिळत असताना ३९९.५० कोण देणार? आणि ट्रिगर लागताक्षणीच ४३६ ची बाजू रद्द झालेली. घाईत नवी विक्री टाकली तर तीही नामंजूर, कारण ते १०० शेअर आधीच्या ऑर्डरमध्ये अडकलेले. शेवटी तीच ऑर्डर बदलून ३८७ ला सुटका केली. साडेबाराशेच्या जागी अडीच हजार.

आता ट्रिगर ४०० असेल तर लिमिट ३८८ टाकतो. ३८८ लिहिलं म्हणजे ३८८ लाच विकलं जातं असं नाही, ही आमच्याकडे बऱ्याच जणांची गैरसमजूत. बाजारात ३९३ चा गिऱ्हाईक असेल तर ३९३ च मिळतात. ३८८ ही फक्त खालची हद्द. तेव्हा असं केलं असतं तर एकोणीसशेच्या आसपास भागलं असतं. शेअर ३८० ला उघडला तर मात्र हीसुद्धा पडून राहील, आणि खालचं सर्किट लागलं तर गिऱ्हाईकच नसतो.

विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला परवानगी देणारी डीडीपीआयची सहीही तेव्हाच करून टाकली, नाहीतर विक्रीच्या दिवशी मंजुरीचा टीपिन टाकायला मीच हवा. आणि नऊ वीसला, गल्ल्याशी बसल्या बसल्या, ऑर्डरच्या पानावर 'Open' खाली काही उरलंय का तेवढं बघतो, मग पुढची थैली.