तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरची भाकरी

"तुमच्याकडे सगळे भाकरी खातात कसे? आमच्याकडे पहिल्याच दिवशी ताटं तशीच राहिली."

सगळे खात नाहीत. लेकीच्या डब्यात आजही पोळीच असते, कारण दुपारपर्यंत भाकरी कडक होते. पिठात थोडी ज्वारी मिसळून पोळ्या करा, असं मला बऱ्याच जणींनी सुचवलं. केल्याही. पण ज्वारी जास्त झाली की पोळी लाटताना कडेने फाटते आणि गार झाली की वातड लागते. त्यापेक्षा रात्री धड भाकरीच करावी, असं माझं ठाम मत आहे.

पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी जाते, मग थापताना कडा भेगाळतात. मी मार्केट यार्डातून मालदांडी आणते आणि आठवड्यापुरतीच दळून घेते. तरीही विरी कमी वाटली तर उकड काढते. वाटीभर पाण्याला उकळी आली की वाटीभर पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ येऊ द्यायची आणि हाताला सोसवेल तेव्हा खूप मळायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची. उशीर झाला तर चिरा पडतात, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. बाजरीचं पीठ तर लवकर कडू होतं, ते त्याहून थोडं दळावं.

पण खरी अडचण पिठाची नव्हतीच. पहिल्यांदा भाकरी वाढली तेव्हा सासरे ताटावरून उठले. "आता काय दुष्काळ पडलाय का?" एवढंच म्हणाले. मला फार लागलं. डॉक्टरांनी त्यांची साखर वाढल्याचं सांगितलं होतं, म्हणून तर मी राबत होते. रात्री सासूबाईंनी सांगितलं: बहात्तरच्या दुष्काळात ते शाळकरी होते, नगरकडच्या गावात. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीचा वास त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. पुण्यात नोकरी लागली आणि रोज गव्हाची पोळी पानात आली, तेव्हा कुठे ते दिवस संपले असं त्यांना वाटलं. तीच पोळी मी काढून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे मालदांडीचे दाणे ठेवले. पांढरे, टपोरे, चकाकणारे. त्यांनी दोन दाणे दाताखाली धरले. "ही आमच्या शेतातली," म्हणाले. त्या रात्री पिठल्याबरोबर अर्धी खाल्ली. ती भाकरी माझ्या हातची म्हणून खाल्ली की शेत आठवलं म्हणून, कोण जाणे.

साखरेचं म्हणाल, तर भाकरीतही पिष्टच असतं. चार खाल्ल्या तर ती वाढणारच, हे मी त्यांनाही सांगते. नाचणी त्यांना आंबिलीतच चालते, बाजरी थंडीत तीळ लावून. दुपारी पोळी-भात हवाच. आणि पाहुणे आले की भाकरी करायची नाही, हा त्यांचा हट्ट कायम आहे. मला तो पटत नाही, आणि त्यावरून आमचं अजून वाजतं.