८० मिलिव्होल्टचं कोडं

प्रयोग सायक्लिक व्होल्टामेट्रीचा: इलेक्ट्रोडचं व्होल्टेज ठरावीक वेगाने, म्हणजे स्कॅन रेटने, पुढे नेऊन परत आणायचं आणि करंट मोजायचा. पाच मिलिमोलर पोटॅशियम फेरीसायनाइड, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड. तीन स्कॅन रेटला जातानाच्या आणि परतीच्या पीकमधलं अंतर आलं असं: सेकंदाला २० मिलिव्होल्टला ६८, १०० ला ८० आणि ५०० ला १०७ मिलिव्होल्ट. एका इलेक्ट्रॉनच्या रिव्हर्सिबल, म्हणजे इलेक्ट्रॉन झटकन देणाऱ्या-घेणाऱ्या जोडीला हवं साधारण ५७, तेही स्कॅन रेट बदलला तरी न हलणारं.

ज्याला विचारावं तो म्हणे, "पॉलिश कर." ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिनावर आठचे आकडे काढून हात दुखले, ८० तसेच. मग कोणी नाशिकच्या थंडीवर ढकललं. पण हे अंतर केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतं. १५ अंशाला ते ५५ होतं, म्हणजे उलट कमीच.

"करंट विरुद्ध स्कॅन रेटचं वर्गमूळ हा आलेख सरळ आहे ना, मग रिव्हर्सिबलच," हे वाक्य ऐकून अजून चिडचिड होते. सरळ रेष एवढंच सांगते की करंट डिफ्युजनने ठरतोय. पूर्ण इर्रिव्हर्सिबल जोडीचीही रेष सरळच येते.

अंतर वाढायला दोन कारणं असतात: इलेक्ट्रॉन देवाणघेवाण मंद असणं, किंवा द्रावणाचा रोध. रोधामुळे दोन्ही पीक एकमेकांपासून दूर सरकतात, प्रत्येक अंदाजे करंट गुणिले रोध एवढं. करंट वर्गमुळाने वाढतो म्हणून हे सरकणंही स्कॅन रेटबरोबर वाढतं आणि मंद जोडीसारखंच दिसतं. नुसता स्कॅन रेट बदलून दोघांना वेगळं करता येत नाही. मी तेच करत बसलो होतो.

वेगळं करतं ते कॉन्सन्ट्रेशन: ते घटलं की करंट घटतो आणि रोधाचा वाटाही, मंदपणाचा नाही. क्लोराइड तेवढंच ठेवून फेरीसायनाइड १ मिलिमोलर केलं, त्याच तीन स्कॅन रेटला अंतर आलं ६०, ६२, ६९. इलेक्ट्रोड तोच, पॉलिश तीच. पृष्ठभाग घाण असता तर पाचपट पातळ करून एवढा फरक पडला नसता. हिशेबही जुळतो: ५ मिलिमोलरला सेकंदाला १०० मिलिव्होल्टवर पीक करंट सुमारे ८३ मायक्रोअँपिअर, या चकतीसमोर ०.१ मोलर क्लोराइडचा रोध सुमारे १३० ओहम. दोन्ही पीकचं मिळून २१-२२ मिलिव्होल्ट, म्हणजे ५७ चे ७९. क्लोराइड १ मोलर करून रोध कमी केल्यावर ५ मिलिमोलरलाही अंतर साठीच्या आसपास आलं.

रेफरन्स इलेक्ट्रोड जवळ आणल्यानेही थोडा फरक पडतो, पण अगदी चिकटवू नका, डिफ्युजन अडतं.

हो, एक राहिलं. परतीच्या पीकची उंची शून्यापासून मोजू नका. पुढे जाताना उतरत गेलेला करंट तसाच पुढे वाढवून ती बेसलाइन धरा. शून्यापासून मोजली की चांगल्या जोडीचंही परतीच्या आणि जातानाच्या पीकचं गुणोत्तर १ च्या खाली येतं, आणि पुन्हा कोणीतरी म्हणतं, पॉलिश कर.