आमची वाटचाल : पेर्मेस्सोच्या कागदांची भाषांतरं

पेर्मेस्सो म्हणजे इटलीत राहण्याचा परवाना. त्याच्या कागदांच्या इटालियन भाषांतराचा दर पुण्यात चार ठिकाणी विचारलात तर आमचाच जास्त निघेल. मध्यंतरी एका नव्या कार्यालयाने निम्म्या दरात पानं द्यायला सुरुवात केली, एजंट तिकडे वळले आणि आमचं भाडं थकायची वेळ आली. ते स्वस्तात काय देत होते, ते सांगतो.

ते नावं ‘सुधारून’ देत. पासपोर्टवर नाव ‘सुनीता रमेश’ आणि आडनाव ‘पाटील’ असेल, तर वडिलांचं नाव गाळून टाकायचे. कागद सुटसुटीत दिसे, पण कोदिचे फिस्काले, म्हणजे इटलीतला सोळा अक्षर-अंकांचा करक्रमांक, नावाच्याच व्यंजनांवरून बनतो. आधी आडनावाचं PTL, मग नावात चार किंवा जास्त व्यंजनं असली तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. तीनच असली तर तिन्ही. मार्चसाठी C, बाईच्या जन्मदिवसात ४० मिळवायचे, भारतासाठी Z222, आणि शेवटचं अक्षर ताळ्याचं. समजा, जन्म १४ मार्च १९९०चा :

```
SUNITA RAMESH PATIL   PTLSTR90C54Z222W
SUNITA PATIL          PTLSNT90C54Z222E
```

करखात्याकडून पासपोर्टवरून पहिला क्रमांक मिळतो आणि भाषांतरातलं नाव दुसऱ्याशी जुळतं. तिथल्या संगणकाला या दोन वेगळ्या बायका! नोकरीचा करार, बँक, पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो, सगळीकडे खुलासे देत बसायचं. आणि पेर्मेस्सोचा अर्ज तर इटलीत उतरल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.

आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक ताई तेव्हाही आमच्याकडेच राहिल्या, कारण त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं. आम्ही दोन्ही जसंच्या तसं ठेवलं, तळाशी भाषांतरकाराची टीप दिली आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. त्या प्रतिज्ञापत्रालाही अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं, हे लोक विसरतात.

क्रम मात्र मोडू नका. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, भाषांतर शेवटी. भाषांतर आधी उरकलं तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराविना राहतो आणि काम पुन्हा करावं लागतं. शिक्के आणि हाताने लिहिलेले शेरेही इटालियनमध्ये यायला हवेत. शिक्का वाचता येत नसेल तर कंसात ‘इल्लेज्जीबिले’ लिहायचं, अंदाजाने गाव भरायचं नाही.

इटलीतली शपथेवरची भाषांतरं मिलानमधले आमचे सुरुवातीचे भागीदार न्यायालयात जाऊन करून देतात. तिथे साधारण दर चार पानांना किंवा शंभर ओळींना १६ युरोंचं मुद्रांक तिकीट लागतं. म्हणून आम्ही ओळी मोजूनच पान लावतो. आणि हो, काम द्यायला येताना पासपोर्टची प्रत घेऊन या. ती बघितल्याशिवाय आम्ही दाखल्याला हात लावत नाही.